राजीनाम्यात ‘कलम 14’ला उत्तर कसं द्यायचं?

*नमस्कार. भोसरीतल्या एका पंप बनवणाऱ्या कंपनीत मी साडेचार वर्षं सेल्स इंजिनिअर आहे. साताऱ्याच्या दुसऱ्या पंप कंपनीची ऑफर आली आहे. साहेबांना तोंडी सांगितलं, तर दुसऱ्या दिवशी एचआर प्रमुखांचा मेल आला. त्यात लिहिलंय की नोकरीच्या करारातल्या कलम 14 प्रमाणे नोकरी सोडल्यावर दोन वर्षं महाराष्ट्र आणि गुजरातमध्ये स्पर्धक कंपनीत काम करता येणार नाही, कंपनीच्या ट्रेनिंगचा आणि ग्राहकांच्या ओळखीचा मी गैरफायदा घेत आहे, आणि राजीनाम्यातच ‘कलम 14 मला मान्य आहे’ असं लिहून नव्या कंपनीचं नाव दिलं तरच रिलीव्हिंग लेटर मिळेल. मी असा मसुदा केलाय: ‘कलम 14 ची मला पूर्ण कल्पना आहे. तरीही घरच्या अडचणींमुळे हा निर्णय घ्यावा लागत आहे. कंपनीचं नुकसान करण्याचा माझा हेतू नव्हता, त्याबद्दल क्षमस्व.’ हे चालेल का? मला भांडण नको आहे.*
*— एक वाचक, मोशी*

हा मसुदा पाठवू नका. तुम्ही तो नम्रपणे लिहिलाय हे दिसतंय, पण तीन वाक्यांत तुम्ही कंपनीचं जवळजवळ सगळं म्हणणं कबूल करून बसला आहात, आणि कंपनीने मागितलं होतं त्याहून जास्त.

पहिलं वाक्य बघा. ‘पूर्ण कल्पना आहे’ असं लिहिलं आणि लगेच ‘तरीही’ आलं, की वाचणारा एकच अर्थ काढतो: कलम तुम्हाला लागू आहे, तुम्ही जे करताय ते त्याच्या विरुद्ध आहे, आणि हे ठाऊक असून तुम्ही करताय. ‘तरीही’ या एका शब्दाने हे सगळं मान्य होतं. पुढे ‘नुकसान करण्याचा हेतू नव्हता’. म्हणजे हेतू नसला तरी नुकसान झालंय, असं तुम्हीच सांगितलंत. अजून तर तुम्ही राजीनामाही दिलेला नाही, मग नुकसान कुठून आलं? आणि ‘क्षमस्व’ कशाबद्दल, हे वाचणाऱ्याने आपल्या सोयीने ठरवायचं. घरच्या अडचणीचं कारण तर खरंही नसावं, कारण तुम्ही चांगल्या ऑफरसाठी जाताय. उद्या तुम्ही साताऱ्यात रुजू झालात की तेच वाक्य ‘या बाई खोटं बोलून गेल्या’ हे दाखवायला वापरलं जाईल.

आपल्या सहीच्या कागदातलं आपल्याच विरुद्ध जाणारं विधान कोर्टात पुरावा म्हणून वाचता येतं. भारतीय साक्ष अधिनियमात, म्हणजे जुन्या पुरावा कायद्याच्या जागी आलेल्या 2023 च्या कायद्यातही, हे तसंच आहे. कबुली म्हणजे अंतिम शिक्कामोर्तब नव्हे, ती चुकीची होती असं नंतर दाखवता येतं. पण मग ते दाखवण्याचं ओझं तुमच्या डोक्यावर येतं. जे सिद्ध करायला कंपनीला साक्षीदार उभे करावे लागले असते, ते तुम्ही एका कागदावर फुकट देता.

आता त्या कलमाचं वजन किती, हे थोडक्यात समजून घ्या, म्हणजे पत्रात काय लिहायचं आणि काय टाळायचं हे आपोआप कळेल. भारतीय करार कायदा 1872 चा. त्याचं कलम 27 सांगतं की कुणालाही कायदेशीर व्यवसाय, धंदा करण्यापासून रोखणारा करार ‘तेवढ्यापुरता’ रद्दबातल असतो. धंद्याची गुडविल विकताना घातलेली अट हा त्याला अपवाद आहे, पण पगारदार माणसाचा त्याच्याशी संबंध नाही. न्यायालयांनी यात एक रेघ ओढलेली आहे: नोकरी चालू असतानाची बंदी आणि नोकरी संपल्यानंतरची बंदी.

नोकरी चालू असतानाच्या बंदीचं नेहमी दिलं जाणारं उदाहरण आपल्या कल्याणचं आहे. निरंजन शंकर गोलिकरी हे तिथल्या सेंच्युरी कंपनीच्या टायर कॉर्ड प्लांटमध्ये शिफ्ट सुपरवायझर होते. करार पाच वर्षांचा होता. ते मुदत संपायच्या आत सोडून राजस्थानात कोटा इथल्या स्पर्धक रेयॉन कंपनीत गेले. 1967 साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्यावरचा मनाई हुकूम कायम केला, कारण बंदी कराराच्या मुदतीपुरतीच होती. उलट बाजूचं उदाहरण आपल्या श्रीरामपूरच्या झहीर खानचं. त्याच्या जाहिरातींचं काम बघणाऱ्या पर्सेप्ट डी’मार्क या कंपनीशी त्याचा तीन वर्षांचा करार होता, आणि करार संपल्यावरही दुसऱ्या कुणाची ऑफर आली तर आधी आमच्याकडे यावं लागेल अशी अट त्यात होती. 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की मुदत संपल्यानंतरची अशी अडवणूक कलम 27 खाली टिकत नाही. तो नोकरीचा करार नव्हता, पण तत्त्व तेच आहे आणि नोकरीच्या प्रकरणांतही तेच लावलं जातं.

तुमच्या कलम 14 मधली दोन वर्षांची बंदी नोकरी संपल्यावर सुरू होते. भारतातल्या कोर्टाने तिच्या जोरावर तुम्हाला साताऱ्यात रुजू होण्यापासून रोखणं अवघड आहे. (करारात परदेशातला कायदा लागू होईल असं लिहिलेलं असेल, तर मात्र हे उत्तर पुरणार नाही. इंग्लंडमध्ये वाजवी मुदतीची बंदी कोर्टं चालवून घेतात. आपला करार एकदा शेवटच्या पानापर्यंत वाचा.)

एवढं वाचल्यावर राजीनाम्यात ‘कलम 27 प्रमाणे तुमचं कलम 14 रद्दबातल आहे, त्यामुळे मला कुणी अडवू शकत नाही’ असं ठोकून द्यावंसं वाटेल. तेही लिहू नका. माझ्याकडे येणाऱ्यांपैकी शिकलेली, थोडं गूगल केलेली माणसं हटकून इथे अडकतात. कायद्याच्या मुद्द्याच्या पोटात वस्तुस्थितीची कबुली दडलेली असते. ‘कलम रद्द आहे म्हणून मी जाऊ शकते’ याचा अर्थ असा की मी स्पर्धक कंपनीतच जातेय, माझं तिथलं काम कलमात बसतं, आणि माझा सगळा बचाव एका कायदेशीर मुद्द्यावर उभा आहे. प्रत्यक्षात तुमच्याकडे आणखी मुद्दे असू शकतात. साताऱ्याची कंपनी कदाचित शेतीचे सबमर्सिबल पंप बनवत असेल आणि तुमची कंपनी केमिकल प्लांटचे, मग ती स्पर्धक कशी? कलमाची व्याख्या काय म्हणते? हे सगळे दरवाजे उघडे ठेवायचे आहेत. शिवाय ‘तेवढ्यापुरता’ हा शब्द विसरू नका. करारातलं गोपनीयतेचं कलम, कंपनीचं सामान परत करण्याचं कलम, ही सगळी जिवंत असतात. ‘अख्खा करारच बेकायदा’ असं लिहिणारा माणूस कंपनीला अकारण संशय घेण्याची संधी देतो.

मग गप्प बसावं का? साधा दोन ओळींचा राजीनामा द्यावा आणि मेलचा उल्लेखच करू नये? मेलमध्ये फक्त कलमाची आठवण करून दिली असती, तर मी हाच सल्ला दिला असता. पण तुमच्यावर ‘गैरफायदा घेत आहात’ असा लेखी आरोप आहे, आणि राजीनामा त्या मेलनंतर जाणार आहे. अशा आरोपाला उत्तरच गेलं नाही, तर पुढे ‘तेव्हा तुम्ही नाकारलं का नाही’ हा प्रश्न येतोच. म्हणून एक परिच्छेद, फक्त एक, लिहायचा. त्यात नाकारायचं, वाद घालायचा नाही. सविस्तर उत्तर द्यायची वेळ आली तर ते वेगळ्या पत्रात, वकिलाच्या नजरेखालून गेल्यावर.

तुमच्यासाठी मी असा मसुदा करेन. तारखा माझ्या मनाच्या आहेत, तुमच्या घाला.

> विषय: सेल्स इंजिनिअर पदाचा राजीनामा
>
> महोदय,
>
> मी सेल्स इंजिनिअर या पदाचा राजीनामा देत आहे. नेमणूकपत्रातील 60 दिवसांच्या नोटिशीनुसार माझा कामाचा शेवटचा दिवस 1 ऑगस्ट राहील.
>
> आपला 28 मे रोजीचा ईमेल मला मिळाला. त्यात कलम 14 चा जो अर्थ व जी व्याप्ती सांगितली आहे ती मला मान्य नाही. माझ्या वर्तनाबद्दल त्यात केलेली विधाने मी नाकारते. या पत्रातील कोणताही मजकूर हा त्या ईमेलमधील कोणत्याही दाव्याची वा आरोपाची कबुली नाही. करार व कायद्यानुसार असलेले माझे सर्व हक्क मी राखून ठेवते.
>
> शेवटच्या दिवसापर्यंत मी माझे काम नेहमीप्रमाणे करीन. कंपनीच्या गोपनीय माहितीबाबत कायद्याने माझ्यावर असलेली जबाबदारी मी नोकरीनंतरही पाळीन. चालू कोटेशन्स व ग्राहकांची कामे कोणाकडे सोपवायची ते कृपया कळवावे. लॅपटॉप, फोन, सिम कार्ड व नमुने मी शेवटच्या दिवशी परत करीन व त्याची पोच घेईन.
>
> अंतिम हिशेब, अनुभवपत्र व रिलीव्हिंग लेटर वेळेत मिळावे, ही विनंती.
>
> आपली विश्वासू,

क्रम मुद्दाम असा ठेवलाय. राजीनामा आधी, बिनशर्त, तारखेसह. कलम 14 चा विषय निघायच्या आत तो देऊन झालेला असला पाहिजे. ‘कलम 14 लागू होणार नाही या अटीवर राजीनामा देत आहे’ असं लिहिलंत तर कंपनी म्हणेल, अट आम्हाला मान्य नाही, म्हणजे राजीनामाच नाही. मग नोटीस कधी सुरू झाली यावरच वाद. तारीख मोजतानाही काळजी घ्या. 2 जूनला पत्र दिलं आणि दुसऱ्या दिवसापासून मोजलं, तर साठावा दिवस 1 ऑगस्टला येतो. शंका असेल तिथे कंपनीच्या बाजूने एक दिवस जास्त धरा. एका दिवसासाठी ‘नोटीस पूर्ण केली नाही’ हा नवा आरोप ओढवून घेऊ नका.

दुसऱ्या परिच्छेदात मी ‘कलम 14 मला मान्य नाही’ असं लिहिलेलं नाही, हे तुमच्या लक्षात आलं असेल. करारावर तुमची सही आहे, तेव्हा कलम अस्तित्वात आहेच. नाकारायचंय ते मेलमध्ये त्या कलमाचा लावलेला अर्थ आणि तुमच्या वागण्याबद्दल केलेली विधानं. या दोन गोष्टी वेगळ्या वाक्यांत ठेवा. एकत्र केल्या तर ‘कलमाचा अर्थ नाकारला, पण ट्रेनिंगच्या गैरफायद्याबद्दल काही बोलल्या नाहीत’ असं म्हणायला जागा राहते. आणि आरोपांचे शब्द आपल्या पत्रात पुन्हा लिहू नका. ‘मी ट्रेनिंगचा गैरफायदा घेतलेला नाही’ असं लिहिलं, की तुमच्याच पत्रात ‘ट्रेनिंगचा गैरफायदा’ हे शब्द येऊन बसतात आणि पुढची चर्चा त्यांच्याभोवती फिरते. तारीख देऊन ‘त्या ईमेलमधील विधाने’ म्हटलं की पुरे.

कुणीतरी तुम्हाला पत्राच्या डोक्यावर ‘विदाउट प्रेज्युडिस’ लिहायला सांगेल. राजीनाम्यावर ते नको. ते शब्द तडजोडीच्या बोलणीसाठी आहेत, की हा कागद पुढे पुरावा म्हणून काढायचा नाही अशा समजुतीने लिहिलेल्या पत्रासाठी. राजीनामा हा तर तुम्हालाच उद्या दाखवायचा कागद आहे: मी या तारखेला दिला, यात नाकारलं, यात हस्तांतराची तयारी दाखवली. इथे ‘हक्क राखून ठेवते’ एवढंच लिहायचं असतं.

तिसऱ्या परिच्छेदातला काळ नीट बघा. ‘गोपनीयता पाळीन’ आहे, ‘आजवर काटेकोरपणे पाळत आले आहे’ असं नाही. तसं लिहायला छान वाटतं, पण ते भूतकाळाबद्दलचं विधान आहे आणि ते शंभर टक्के खरं असेल तरच लिहावं. आता मी जे विचारते त्याचं उत्तर मला नको, स्वतःला द्या. ग्राहकांची यादी, प्राईस लिस्ट, डिस्काउंटचा तक्ता, एखादं ड्रॉइंग तुम्ही कधी स्वतःच्या खासगी मेलवर पाठवलंय का? घरून काम करताना, प्रिंटर चालत नव्हता म्हणून, साध्या सोयीसाठी? सेल्सच्या माणसांत हे सर्रास चालतं. कंपनीचा आयटी विभाग राजीनाम्यानंतर पहिलं काम हेच करतो: शेवटच्या काही महिन्यांत लॅपटॉपवरून बाहेर काय गेलं ते बघतो. दोन वर्षांच्या बंदीवर कोर्टात कंपनीची बाजू लंगडी असते, पण माहिती नेल्याचा पुरावा मिळाला तर ती एकदम भक्कम होते.

असं काही असेल तर दोन गोष्टी करू नका. घाईघाईने फायली उडवू नका, कारण पाठवल्याची नोंद सर्व्हरवर राहते आणि उडवणं हे लपवणं दिसतं. आणि ‘माझ्याकडे कंपनीची कोणतीही माहिती नाही’ असं कुठेही लिहू नका. पत्र द्यायच्या आधी वकिलाला भेटा. ती माहिती कशी परत करायची आणि त्याची नोंद कशी ठेवायची हे त्यांना ठरवू द्या. राजीनामा दोन दिवस उशिरा गेला तरी चालेल.

नव्या कंपनीचं नाव. तुमच्या करारात ‘नवी नोकरी कळवावी’ असं स्पष्ट कलम असेल तर ते पाळावं लागेल, पण तेही वेगळ्या पत्राने, कलमात सांगितलेल्या वेळी. तसं कलम नसेल तर नाव देण्याचं बंधन नाही आणि राजीनाम्यात त्याला जागा नाही. मात्र खोटं नाव, खोटं कारण, ‘सध्या काही ठरलेलं नाही’ असलं काही देऊ नका. साहेबांनी समोर बसवून विचारलं तर ‘ते मी आत्ता सांगू इच्छित नाही’ एवढं म्हणता येतं. हे उत्तर उद्धट वाटेल म्हणून माणसं घाबरतात, पण ते खरं असतं आणि खऱ्या उत्तराला पुढे स्पष्टीकरण द्यावं लागत नाही.

नोटिशीचे साठ दिवस हा तुमच्या सगळ्या प्रकरणातला सगळ्यात नाजूक काळ आहे. गोलिकरींचं प्रकरण आठवा. 1 ऑगस्टपर्यंत तुम्ही याच कंपनीच्या नोकर आहात आणि या काळात स्पर्धकासाठी काम न करण्याचं बंधन पक्कं आहे. साताऱ्याचे लोक उत्साहाने म्हणतील, ‘एकदा येऊन टीमला भेटून जा, त्या साखर कारखान्याच्या टेंडरबद्दल जरा बोलू.’ जाऊ नका. ग्राहकांना ‘मी चालले आहे, नवा नंबर घ्या’ असे मेसेज टाकू नका. लिंक्डइनवरचं पद शेवटच्या दिवसानंतरच बदला. या काळात तुमच्या हातून काही घडलं, तर वर नाकारलेले आरोप खरे ठरवायचं काम तुम्हीच कराल.

ट्रेनिंगच्या खर्चाचा विषय मेलमध्ये कलम 14 बरोबर मिसळलेला दिसतोय. करारात ट्रेनिंग बॉन्ड वेगळा आहे का ते बघा: इतकी वर्षं थांबलात नाही तर इतके रुपये. असा बॉन्ड हे निराळं प्रकरण आहे आणि तिथे कायदा तुमच्या बाजूने इतका उदार नाही. विजया बँक विरुद्ध प्रशांत नारनवरे या खटल्यात मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तीन वर्षांच्या सेवेचा, दोन लाख रुपयांचा बॉन्ड वैध ठरवला. ती सरकारी बँक होती, भरतीचा खर्च मोठा होता आणि अट नोकरीच्या काळाला लागून होती, ही कारणं निकालात आहेत. नारनवरे यांनी दोन लाख भरले होते, पण निषेध नोंदवून भरले होते, म्हणूनच ते पुढे दाद मागू शकले. ते हरले ही गोष्ट वेगळी. तुम्ही साडेचार वर्षं काढली आहेत, त्यामुळे बॉन्डची मुदत बहुधा उलटून गेली असेल. तसं असेल तर पत्रात त्याबद्दल अवाक्षर नको. मुदत बाकी असेल आणि रक्कम मागितली गेली, तर नारनवरे यांच्यासारखं ‘हक्क राखून, निषेध नोंदवून’ असं लिहूनच पैसे भरा.

पत्र स्वतःच्या खासगी मेलवरून एचआर आणि साहेब दोघांना पाठवा. ऑफिसच्या मेलचा ताबा उद्या तुमच्याकडे नसेल. छापील प्रतीवर सही-शिक्क्यासह पोच घ्या. पोच द्यायला नकार दिला तर त्याच दिवशी स्पीड पोस्टाने पाठवून पावती जपा. 28 मेचा मूळ मेल, नेमणूकपत्र आणि करार यांच्या प्रती तुमच्याकडे हव्यात. हे तुमच्या स्वतःच्या नोकरीचे कागद आहेत, ते ठेवण्यात काही गैर नाही.

एवढं नीट केल्यावरही माणसं शेवटच्या दिवशी फसतात. एक्झिट फॉर्म येतो, नो ड्यूजचा कागद येतो, ‘अंतिम हिशेब मिळाला’ असं लिहिलेला कागद येतो. संध्याकाळी साडेपाच वाजता चार पानं समोर ठेवतात आणि म्हणतात, सही केली की चेक तयार आहे. त्यातल्या एखाद्या पानावर बारीक अक्षरात असतं: ‘करारातील सर्व अटी, विशेषतः कलम 14, मला नोकरीनंतरही बंधनकारक असल्याचे मी पुन्हा मान्य करते.’ तिथे सही केली की राजीनाम्यातला दुसरा परिच्छेद गेला. प्रत्येक पान वाचा. ते वाक्य खोडायला सांगा. नाही म्हणाले तर सहीच्या वर स्वतःच्या हाताने लिहा: ‘2 जूनच्या माझ्या पत्रातील परिच्छेद 2 च्या अधीन राहून’. आणि सही केलेल्या प्रत्येक पानाचा फोटो घ्या. तेही करू दिलं नाही, तर त्या दिवशी सही करू नका, घरी या, आणि त्याच संध्याकाळी मेल करा की अमुक कागदावर बदलाशिवाय सही मागितली म्हणून मी केली नाही, बाकी सगळं हस्तांतर पूर्ण केलं आहे.

यात रिलीव्हिंग लेटर अडकू शकतं. ही कंपनीच्या हातातली खरी दोरी आहे आणि तुमची भीती तिचीच आहे, हे मला कळतं. नोटीस पूर्ण केल्यावर तुम्हाला नोकरीत धरून ठेवता येत नाही, पण कागद रखडवता येतो. म्हणून साताऱ्याच्या कंपनीला आजच, ऑफर स्वीकारायच्या आधी, सगळं सांगा: करारात असं कलम आहे, कंपनीने असा मेल पाठवलाय, रिलीव्हिंग लेटरला उशीर होऊ शकतो. राजीनाम्याची पोच, पगाराच्या स्लिपा आणि सामान परत केल्याची पावती यांवर ते रुजू करून घेतील का, हे लेखी विचारा. बऱ्याच कंपन्या घेतात. आणखी एक. नव्या कंपनीच्या रुजू होतानाच्या फॉर्मवर बहुतेक वेळा ‘माझ्यावर आधीच्या नोकरीचे कोणतेही बंधन नाही’ असं वाक्य असतं. तिथे डोळे मिटून सही केलीत, तर नोटीस आल्यावर नवी कंपनी म्हणेल, तुम्ही आमच्यापासून लपवलंत. त्या ओळीसमोर ‘आधीच्या कराराची प्रत अमुक तारखेला दिली आहे’ असं लिहा. जी कंपनी हे ऐकून मागे सरते, तिने हे आत्ताच केलेलं बरं, तुमची भोसरीतली नोकरी हातात असताना.

राजीनाम्यानंतर वकिलाची नोटीस आली तर घाबरून फोन करू नका आणि व्हॉट्सॲपवर उत्तर देऊ नका. नोटीस येणं म्हणजे खटला होणं नव्हे. पण नोटिशीची भाषा ‘तात्काळ मनाई हुकूम मागू’ अशी असेल, तर तुमच्या वकिलाला दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 148-अ खाली कॅव्हेट दाखल करायला सांगा. तुम्हाला कळवल्याशिवाय आणि ऐकून घेतल्याशिवाय एकतर्फी हुकूम होऊ नये म्हणून तो असतो, आणि तो 90 दिवस चालतो, पुढे पुन्हा दाखल करता येतो. दावा कोणत्या कोर्टात होऊ शकतो हे करारातल्या न्यायक्षेत्राच्या कलमावरून ठरतं. पुण्याऐवजी तिथे मुंबई लिहिलेली असेल, तर पुण्यातल्या कॅव्हेटने काम भागणार नाही. करारात लवादाचं कलम असेल तर वकिलांना तेही आधी दाखवा, कारण मग कंपनी वेगळ्या दाराने कोर्टात येते. वकिलांकडे जाताना करार, 28 मेचा मेल आणि पोच घेतलेला राजीनामा हे तीन कागद बरोबर न्या.